पाळीआधीची चिडचिड आणि पाळीतल्या कळा: दोन त्रास, दोन वेगळ्या पायऱ्या

स्त्रीरोग विभागाच्या ओपीडीत "पाळीचा त्रास आहे" हे वाक्य दिवसभर ऐकू येतं. या एका वाक्यात बहुतेक वेळा दोन निराळे आजार दडलेले असतात आणि ते वेगळे काढल्याशिवाय लिहिलेली चिठ्ठी अर्धीच लागू पडते. इथे एका पेशंटचा उपचार पहिल्या भेटीपासून शेवटपर्यंत सांगते आहे. तिला दोन्ही त्रास होते. शिवाय तिच्या बाबतीत नेहमीचा सोपा रस्ता बंद होता, त्यामुळे प्रत्येक पायरी नीट तपासून घ्यावी लागली.

वय २९, पाळी नियमित, २८ दिवसांची. तक्रार तिच्याच शब्दांत अशी: "डॉक्टर, पाळी जवळ आली की मी मी राहत नाही. घरात सगळ्यांवर ओरडते, ऑफिसात डोळ्यांत पाणी येतं. मग पाळी आली की पोटात अशा कळा येतात की उलटी होते. पेनकिलरचा काही उपयोग होत नाही."

औषध लिहिण्याआधी तिला रोजची नोंद ठेवायला सांगितली, दोन पूर्ण पाळीचक्रांची. पाळीचा पहिला दिवस म्हणजे दिवस १. रोज रात्री झोपण्यापूर्वी चिडचिड, रडू येणं, छाती जड होणं, पोट फुगणं, झोप आणि ओटीपोटातली कळ यांना १ ते ६ गुण द्यायचे. १ म्हणजे अजिबात नाही, ६ म्हणजे कमालीचा त्रास. आठवणीतून आठवड्याचे गुण एकदम भरायचे नाहीत. मन खराब असलेल्या दिवशी मागचा सगळा महिनाच वाईट गेल्यासारखा वाटतो आणि नोंद फसते. एकाच चक्रावरूनही निष्कर्ष काढू नये, कारण परीक्षा, आजारपण, घरातलं भांडण यांनी एखादा महिना सहज बिघडतो.

कळा असह्य असतील तर उपचारासाठी या नोंदीची वाट पाहायची गरज नसते, वेदनाशामक लगेच सुरू करता येतं. मनाच्या त्रासावर औषध देताना मात्र ही नोंद हातात हवीच.

तिची वही उघडली आणि चित्र स्पष्ट झालं. दिवस ६ ते १८ मनाचे सगळे गुण १ किंवा २. एकोणिसाव्या-विसाव्या दिवसापासून चिडचिड ४, मग ५, पाळीच्या आदल्या दोन दिवशी ६. रक्तस्राव सुरू झाल्यावर दुसऱ्या दिवशी ३, चौथ्या दिवशी पुन्हा १. कळांचा स्तंभ अगदी वेगळा. पाळीच्या आदल्या दिवसापर्यंत १, पहिल्या दिवशी दुपारी ६, दुसऱ्या दिवशी ५, तिसऱ्या दिवशी २. म्हणजे चिडचिड उतरू लागते तेव्हा कळा ऐन भरात असतात. निदानाचा मोठा भाग या एका पानावरच झाला.

पाळीआधीचा त्रास, म्हणजे पीएमएस, स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतरच्या पंधरवड्यात येतो आणि पाळी सुरू झाल्यावर साधारण चार दिवसांत ओसरतो. त्यानंतर तेराव्या दिवसापर्यंत तरी तो परत येत नाही. ही मधली स्वच्छ जागा फार महत्त्वाची. महिनाभर उदासी आहे आणि पाळीआधी ती वाढते, असं वहीत दिसलं तर तो पीएमएस नाही. तिथे मुळात नैराश्य किंवा चिंतेचा आजार आहे, पाळी त्याला फक्त चढवते आणि उपचार मूळ आजारावर करावे लागतात. पीएमएस असलेल्या स्त्रीची हॉर्मोनची पातळी तपासली तर ती नॉर्मलच येते. प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनपासून बनणाऱ्या ॲलोप्रेग्ननोलोन या द्रव्याच्या चढउताराला तिचा मेंदू जास्त संवेदनशील असतो, शिवाय सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही त्यात वाटा असतो. म्हणून रक्ताच्या महागड्या हॉर्मोन तपासण्या इथे काहीही सांगत नाहीत.

पाळीतल्या कळांची गोष्ट गर्भाशयातली आहे. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन घसरतं, गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि गर्भाशयाचा स्नायू इतका जोरात आवळला जातो की त्याचाच रक्तपुरवठा तुटतो. कळ येते ती त्यामुळे. तेच प्रोस्टाग्लँडिन रक्तात मिसळलं की मळमळ, जुलाब, डोकेदुखी. म्हणून या कळा रक्तस्रावाच्या काही तास आधी किंवा सोबत सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत संपतात.

पण कळांच्या मागे दुसरा आजार नाही ना, हे पाहणं उरतं. तिला मी जे प्रश्न विचारले ते कुणीही स्वतःला विचारून पाहावेत. दुखणं पाळी सुरू झाल्यानंतर वर्षभरात लागलं की पुष्कळ वर्षांनी नव्याने? वर्षागणिक वाढतंय का? पाळी नसतानाही ओटीपोट दुखतं का? संबंधाच्या वेळी आत खोलवर, किंवा पाळीत शौचाच्या वेळी दुखतं का? रक्तस्राव फार, गाठी पडणारा आहे का? तिचं दुखणं पंधराव्या वर्षापासून तसंच होतं आणि बाकी सगळ्यांचं उत्तर "नाही". आतली तपासणी आणि सोनोग्राफी दोन्ही व्यवस्थित. एक मात्र तिला तेव्हाच सांगून ठेवलं: गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे, म्हणजे एंडोमेट्रिओसिसचे, पातळ, वरवरचे डाग सोनोग्राफीत दिसत नाहीत. स्वच्छ रिपोर्टमुळे ती शक्यता कमी होते, संपत नाही. ज्या मुलीचा कधी शरीरसंबंध आलेला नाही आणि जिच्या कळा अशा ठरावीक स्वरूपाच्या आहेत, तिची आतली तपासणी करायची गरज नसते. औषध सुरू करून पाहता येतं.

आता तिचं "पेनकिलरचा उपयोग होत नाही" हे वाक्य. ती कशी घ्यायची ते विचारलं. कळा अगदी सहन होईनाशा झाल्या की संध्याकाळच्या सुमारास नॅप्रोक्सेनची २५० मिलिग्रॅमची एक गोळी, रिकाम्या पोटी. तासाभरात उलटी. रात्री पुन्हा घ्यायची भीती वाटायची म्हणून तिथेच थांबायचं.

यात गोळीचा दोष नव्हता. नॅप्रोक्सेन, आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड ही औषधं प्रोस्टाग्लँडिन तयार होणं थांबवतात. आधी तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन ती पुसून टाकत नाहीत. कळ शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी पुढच्या तासांसाठी कामाची असते, त्या क्षणाच्या कळेसाठी फारशी नाही. त्यात मात्रा अपुरी आणि गोळी उलटीतून बाहेर.

तिला नवी पद्धत लिहून दिली. रक्ताचा पहिला डाग दिसताच, कळेची वाट न पाहता, दोन घास खाऊन नॅप्रोक्सेन ५०० मिलिग्रॅम. त्यानंतर दर आठ तासांनी २५०, पहिले दोन ते तीन दिवस, दुखो अथवा न दुखो, घड्याळ लावून. आयबुप्रोफेन घेणाऱ्यांसाठी याच धर्तीवर ४०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. मेफेनॅमिक ॲसिड असेल तर ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. या तिघांपैकी एकच निवडायचं. दोन एकत्र घेतल्याने आराम वाढत नाही, पोटाचा आणि मूत्रपिंडाचा धोका मात्र वाढतो. अधल्यामधल्या वेळी भर म्हणून लागलंच तर पॅरासिटामॉल चालतं, कारण ते या गटातलं नाही. एकटं पॅरासिटामॉल या कळांवर तोकडंच पडतं. ओटीपोटावर गरम पाण्याची पिशवी जरूर ठेवावी, तिचा आराम खरा आहे.

ही औषधं कुणी टाळायची हेही सांगायला हवं. पोटात अल्सर झालेला असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, ॲस्पिरिन किंवा अशा गोळीने कधी दमा उठलेला असेल, किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मेफेनॅमिक ॲसिड असो की या गटातलं दुसरं काही, ताप, अंगभर पुरळ आणि चेहऱ्यावर सूज असं एकत्र आलं तर गोळी तिथेच बंद करून दवाखाना गाठायचा.

पहिल्या महिन्यात तिच्या कळा ६ वरून ३ वर आल्या, उलटी झाली नाही. दुसऱ्या महिन्यात पुन्हा ५. वही पाहिल्यावर कारण कळलं: रक्तस्राव मध्यरात्री झोपेत सुरू झाला आणि गोळी सकाळी सातला पोटात गेली. तिची पाळी तारखेला येणारी, म्हणून बदल असा केला की ठरल्या तारखेच्या आदल्या संध्याकाळीच जेवणानंतर ५०० मिलिग्रॅम घ्यायचं आणि पुढे दर बारा तासांनी ५००. नॅप्रोक्सेन शरीरात बराच वेळ टिकतं, त्यामुळे रात्र निभावते. गर्भ राहण्याची शक्यता असेल तर मात्र आदल्या दिवशी सुरुवात करू नये, डाग दिसेपर्यंत थांबावं. आणि तारीख उलटली तर गोळ्या चालू न ठेवता आधी गर्भचाचणी करावी. तिसऱ्या महिन्यात कळा ३ वर स्थिरावल्या. औषध लागू आहे की नाही हे ठरवायला असे तीन महिने द्यावेत, पण ते नीट घेतलेले तीन महिने.

या तीन महिन्यांत चिडचिडीचा स्तंभ जराही हलला नाही. तो ५ आणि ६ वरच राहिला. वेदनाशामकाने पीएमएसमधली डोकेदुखी किंवा अंगदुखी हटते, पण मन शांत होत नाही.

इथे साधारणपणे मी दोन्हींवर एकच औषध सुचवते: इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं प्रोजेस्टोजेन असलेल्या संयुक्त गर्भनिरोधक गोळ्या. त्या स्त्रीबीज बाहेर पडू देत नाहीत, अस्तर पातळ ठेवतात आणि त्यामुळे प्रोस्टाग्लँडिनच कमी बनतं. त्यातही ३ मिलिग्रॅम ड्रोस्पायरेनोन आणि २० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या, २४ सक्रिय आणि ४ निष्क्रिय गोळ्यांच्या पाकिटाचा पीएमएसच्या तीव्र प्रकारावर, म्हणजे पीएमडीडीवर, उपयोग झालेला आहे.

तिच्या बाबतीत हा रस्ता एका प्रश्नाने बंद झाला. "डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे काही दिसतं का?" ती म्हणाली, "हो, चमकणाऱ्या वाकड्यातिकड्या रेघा दिसतात. वीस मिनिटं असतात, मग डोकं धरतं." ही ऑरासहित मायग्रेन. अशा स्त्रीला इस्ट्रोजेन दिल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून संयुक्त गोळ्या द्यायच्याच नाहीत. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल, रक्तदाब जास्त असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान चालू असेल, तरीही त्या टाळायच्या. हा प्रश्न वगळून मैत्रिणीचं पाकीट आणून सुरू करणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, म्हणून हे इतकं ठासून लिहिते आहे. रक्तदाब मोजायला आणि हे चार प्रश्न विचारायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

मग दोन त्रासांचे रस्ते वेगळे केले. मनासाठी सर्ट्रालीन, ५० मिलिग्रॅम. हे नैराश्यावरचं औषध, त्यामुळे ती बिचकली. "म्हणजे मला मानसिक आजार आहे का? आयुष्यभर घ्यावं लागेल?" पीएमएसमध्ये हे औषध वेगळ्या चालीने चालतं. नैराश्यात परिणाम दिसायला आठवडे लागतात, इथे काही दिवसांतच फरक पडतो, म्हणून रोज घ्यावं लागतंच असं नाही. दिवस १४ पासून सुरू करायचं आणि पाळी आली की थांबवायचं. म्हणजे महिन्यातले साधारण पंधरा दिवस. अशा वापरात औषध सोडल्याचा त्रास सहसा होत नाही.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी विचारल्या. कधी विनाकारण अतिउत्साह, अनेक रात्री झोप न लागताही थकवा नाही, बेसुमार खर्च, असा काळ येऊन गेला होता का? तसा इतिहास असेल तर हे औषध एकटं देणं घातक ठरू शकतं. दुसरं, पाळीआधी जीव नकोसा होतो का, स्वतःला इजा करावीशी वाटते का? हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचा. उत्तर "हो" असेल तर वही आणि पायऱ्या बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. पंचवीस वर्षांखालच्या मुलींवर पहिल्या आठवड्यांत घरच्यांनीही लक्ष ठेवावं.

तिला पहिले तीन-चार दिवस मळमळ झाली, पुढच्या महिन्यात ती जवळजवळ नव्हती. कामेच्छा कमी होऊ शकते हे आधीच सांगितलं होतं. न सांगता दिलं तर बायका कारण न सांगता औषध सोडतात. दुसऱ्या महिन्यात चिडचिड २ ते ३ मध्ये आली. एक जुळणी इथे जपावी लागते. सर्ट्रालीन आणि नॅप्रोक्सेन एकत्र आले की पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. तिच्या वेळापत्रकात सर्ट्रालीन पाळी येताच थांबतं आणि नॅप्रोक्सेन आदल्या संध्याकाळीच सुरू होतं, त्यामुळे दोघांची गाठ थोड्याच दिवसांपुरती पडते. त्या दिवसांत पोटाच्या संरक्षणासाठी सकाळी उपाशीपोटी ओमेप्राझोल दिलं. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर दोन्ही थांबवून लगेच यायचं, हेही बजावलं.

जीवनसत्त्वं आणि खनिजांबद्दल बऱ्याच जणी विचारतात. कॅल्शियम आहार आणि गोळी मिळून दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅमपर्यंत घेतल्यास सौम्य त्रासात काहींना बरं वाटतं. जीवनसत्त्व बी-६ मात्र मनाने वाढवू नये. जास्त मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होते, मुंग्या येऊ लागतात. आणि पीएमएससाठी निव्वळ प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या मी लिहीत नाही, त्यांचा खात्रीचा फायदा दिसलेला नाही.

कळा ३ वर होत्या, पण दर महिन्याला तीन दिवस नॅप्रोक्सेन तिला नको वाटू लागलं, आणि गर्भनिरोधनही हवं होतं. ऑरासहित मायग्रेनमध्ये फक्त प्रोजेस्टोजेन असलेले पर्याय देता येतात. डायनोजेस्ट २ मिलिग्रॅम रोज, डेसोजेस्ट्रेल ७५ मायक्रोग्रॅम रोज, तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, किंवा ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल असलेलं गर्भाशयात बसवायचं साधन. डायनोजेस्ट कळांवर चांगलं, पण त्याच्यासोबत गर्भनिरोधक म्हणून वेगळं काही वापरावं लागतं. इंजेक्शन दीर्घकाळ घेत राहिलं तर हाडांची घनता घटते. तिने गर्भाशयातलं साधन निवडलं. त्यातलं औषध अस्तरावरच काम करतं, अस्तर पातळ होतं, रक्तस्राव आणि कळा दोन्ही घटतात.

पण या साधनाने बहुतेक जणींमध्ये स्त्रीबीज बाहेर पडणं थांबत नाही, म्हणजे पीएमएस जागच्या जागी राहतो. काही जणींचं मन उलट जास्त बिघडतं. म्हणून साधन बसवल्यावर सर्ट्रालीन बंद न करता वही पुन्हा सुरू केली. पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग पडत राहतात. हे आधी माहीत नसेल तर "साधन बिघडलं" म्हणून काढायला येणाऱ्या पुष्कळ असतात. तिलाही चौथ्या महिन्यापर्यंत डाग दिसत होते, कळा मात्र २ वर उतरल्या आणि नॅप्रोक्सेन क्वचितच लागू लागलं.

सहाव्या महिन्यात एक नवीनच अडचण उभी राहिली. पाळी जवळजवळ थांबली. दिवस १ च नाही, तर दिवस १४ मोजायचा कुठून? तिने आठवणीतल्या जुन्या तारखांवरून सर्ट्रालीन सुरू करून पाहिलं आणि एका महिन्यात उशीर झाल्याने चिडचिड ५ वर गेली. अशा वेळी दोन मार्ग उरतात. एक, छाती जड वाटू लागली किंवा चिडचिड ३ वर पोचली की त्याच दिवशी गोळी सुरू करायची आणि मन निवळल्यावर थांबवायची. दोन, रोज घ्यायची. तिची छाती दर महिन्याला चिडचिडीच्या दीड-दोन दिवस आधी दुखते हे वहीतच दिसत होतं, म्हणून पहिला मार्ग घेतला आणि तो जमला. जिच्या अंगात अशी आगाऊ खूण दिसत नाही तिला रोजची गोळी सोपी पडते. मात्र रोज घेतलेली ती बंद करताना एकदम न सोडता हळूहळू कमी करावी लागते.

हॉर्मोन सुरू करून तीन महिने झाले तरी कळा तशाच असत्या, तर मी मात्रा वाढवत बसले नसते. नीट घेतलेलं वेदनाशामक आणि हॉर्मोन दोन्ही निकामी ठरले की एंडोमेट्रिओसिस किंवा अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरण्याचा आजार, म्हणजे अ‍ॅडिनोमायोसिस, यांचा शोध घ्यायचा: अनुभवी हाताची योनिमार्गे सोनोग्राफी, गरजेनुसार एमआरआय, आणि मग दुर्बिणीने पोटाची तपासणी. औषधांना दाद न देणाऱ्या किशोरवयीन मुलींमध्येही दुर्बिणीतून पाहिल्यावर बहुतेकींना एंडोमेट्रिओसिस सापडतो, तेव्हा वय लहान म्हणून थांबू नये. मनाच्या बाजूला सर्ट्रालीन पुरेशा मात्रेत घेऊनही, आणि चालत असतील त्यांना संयुक्त गोळ्या देऊनही फरक पडला नाही, तर बीजाशयाचं काम तात्पुरतं थांबवणारी जीएनआरएच गटाची इंजेक्शनं येतात. ती देताना हाडं जपण्यासाठी सोबत थोडं हॉर्मोन परत द्यावं लागतं. ऑरासहित मायग्रेन असलेल्या स्त्रीला ते कुठलं आणि किती द्यायचं, हे न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच ठरवायचं. आणि त्या इंजेक्शनाने बीजाशय थांबूनही मन तसंच राहिलं, तर त्रास पाळीचक्राचा नव्हता. मग वही घेऊन पुन्हा मानसोपचारतज्ज्ञांबरोबर बसायचं.